आमची वाटचाल: फ्री साईझ बंद केली तिथून

सुरुवातीला आम्ही फक्त स्कार्फ शिवायचो, आणि स्कूटरवाल्या बायका सोबत स्लीव्हज मागायच्या म्हणून तयार माल आणून ठेवायचो, सगळा फ्री साईझ. मग एक ताई स्लीव्ह घेऊन परत आल्या, म्हणाल्या अहो दुपारी रोज तासभर गाडी चालवते, ही घालूनही हात काळा पडतोय. बघितलं तर मनगट गोरं आणि कोपराखालचा भाग टॅन झालेला. एकाच स्लीव्हमध्ये असं कसं?

टेप लावली. स्लीव्हचा घेर न ताणता 18 सेंमी, ताईंचं मनगट 16 पण कोपराखाली हात 27, म्हणजे तिथे कापड दीडपट ताणलं जात होतं. होजिअरीचं कापड ताणलं की विणीतली भोकं मोठी होतात आणि ऊन सरळ आत येतं. लेबलवर यूपीएफ 50 लिहिलेलं असतं, म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो, पण ती टेस्ट सहसा कापड न ताणता करतात ना! घरी बघायचं तर स्लीव्ह हातात घालून उजेडात धरा, कातडीचा रंग दिसला की ती तुम्हाला लहान आहे.

तेव्हापासून आम्ही स्वतः कटिंग करतो, चार साईझमध्ये, मनगटाशी अरुंद आणि वर रुंद. दंडाला बारीक इलॅस्टिक रुततं म्हणून रुंद पट्टी लावतो. दुकानदार कुरकुरतात की चार साईझचा स्टॉक कोण ठेवणार, त्यांचंही खरंच आहे, पण फ्री साईझ परत करणार नाही.

दुसरी भानगड मनगटाची. हँडल धरायला हात पुढे गेला की स्लीव्ह मागे सरकते आणि ग्लोव्हच्या वर एक पट्टी उघडी राहते, रोज तेवढीच भाजते. म्हणून स्लीव्ह बोटांच्या मुळापर्यंत लांब केली, अंगठ्याला भोक ठेवलं आणि ग्लोव्ह त्याच्यावरून घालायचा. ग्लोव्ह नुसता सुती असला तर घामाने अॅक्सिलरेटरवर हात घसरतो, त्यामुळे तळव्याला खरखरीत कापड लावतो, मात्र जाड नाही, नाहीतर ब्रेकचा अंदाज येत नाही (मोबाईलसाठी बोटाचं टोक उघडं ठेवा असं बरेच जण सांगतात, सिग्नलला मोबाईल कशाला काढायचा हे मला अजून कळलं नाही).

स्कार्फमध्ये फार बदल केला नाही, फक्त लांबी कमी केली. लांब टोकं वाऱ्याने उडून चाकात जाऊ शकतात, आणि डोक्यामागे मोठी गाठ मारली की हेल्मेट नीट बसतच नाही, पुढे झुकतं. आता टोकं मानेशी वेल्क्रोने चिकटतात, गाठच नाही.