तूरडाळ एक, सुरुवाती चार

"एका डाळीच्या जाहिरातीचे चार-पाच व्हिडिओ कशाला काढता दादा? एकच झकास काढला तर पैसे नाही वाचणार?"

पैसे वाचतात ते चार-पाच काढल्यानेच, कारण त्यातला झकास कोणता हे आधी कुणालाच कळत नाही. मला नाही, डाळ भरडणाऱ्या ताईंनाही नाही. ते ठरवणारी बाई नागपूरला नाहीतर पुण्याला मोबाइलवर अंगठा सरकवत बसलेली असते, आणि दोन-तीन सेकंदांत ठरवून ती पुढे जाते.

दारव्हा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं काम मी करतो, तेच उदाहरण घेऊ. गटाकडे पीकेव्ही मिनी दाल मिल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावातच डाळ करता यावी म्हणून तयार केलेलं हे यंत्र. ताई तुरीला तेलाचा हात देतात, पाणी लावून उन्हात वाळवतात, भरडतात, पाखडतात, आणि बिनपॉलिशची डाळ पाच किलोच्या पिशवीत भरून कुरिअरने पाठवतात. जाहिरात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चालते. बटण दाबलं की गिऱ्हाईक थेट गटाच्या व्हॉट्सॲपवर येतं.

आमचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा. पहिल्या तीन-चार सेकंदांना आम्ही हुक म्हणतो. मधल्या भागात डाळ कशी होते ते दिसतं, आणि शेवटी पुढे काय करायचं ते सांगितलेलं असतं. हुकचं काम माणसाला थांबवणं, शेवटाचं काम त्याच्याकडून मेसेज करून घेणं. ही दोन कामं वेगळी असल्यामुळे त्यांची परीक्षाही वेगळी घ्यावी लागते. मधला भाग मात्र सगळ्यांत तोच राहतो.

या डाळीसाठी चार हुक ठरवले. पहिल्यात हातात दोन वाट्या, एकीत चकचकीत डाळ, दुसरीत फिकी, आणि ताई विचारतात, "यातली घरची कोणती, सांगा बरं?" दुसऱ्यात बोलणंच नाही, यंत्रातून डाळ धो धो पडते, टरफलं उडतात आणि मिलचा आवाज. तिसऱ्यात गटातल्या एक वयस्क काकू वऱ्हाडीत म्हणतात, "माह्या लेकीले पुण्याले मी हेच डाळ धाडतो." चौथ्यात सरळ पिशवी समोर धरून वजन आणि घरपोच भाव. कुणीतरी पाचवाही सुचवला होता: पॉलिशच्या डाळीने आजार होतात असं म्हणून घाबरवायचं. तो मी घेतला नाही. सिद्ध करता येत नाही ते जाहिरातीत बोलायचं नाही, आणि भीतीने थांबलेलं माणूस पाच किलो डाळ घेईलच असंही नाही.

खरी मेहनत आहे ती सांध्याची. चार वेगवेगळे हुक एकाच मधल्या भागाला जोडायचे, तर मधला भाग "म्हणूनच" किंवा "पण" अशा शब्दाने सुरू होऊन चालत नाही. तसा झाला तर तो एकाच हुकला बसतो आणि बाकीचे तीन उपरे वाटतात. आम्ही असं ठरवलं की प्रत्येक हुक संपताना कॅमेऱ्यासमोर डाळीची मूठ येईल, आणि मधला भाग त्याच मुठीपासून सुरू होईल. पहिलं वाक्यही कुठल्याही हुकनंतर चालेल असंच लिहिलं: "ही तूर आमच्याच वावरातली." चारही हुक एकाच सकाळी, त्याच लुगड्यात, त्याच ओसरीवर घेतले. दुपारचं ऊन एका हुकमध्ये आलं असतं तर उजेड बदलला की कापलेली जागा लगेच दिसली असती. मिलचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करून ठेवला. तो सांध्याखालून सलग सोडला की कानाला तुटल्यासारखं वाटत नाही.

वाट्यांच्या हुकची एक अट होती. त्यात प्रश्न विचारला आहे, तर त्याचं उत्तर मधल्या भागात मिळालंच पाहिजे. म्हणून पॉलिश म्हणजे काय आणि आपण ते का करत नाही, हे मधल्या भागात एका वाक्यात घातलं. ते वाक्य बाकीच्या तीन हुकनंतरही सहज ऐकू जातं. असं दोन्हीकडे चालणारं वाक्य सापडत नसेल, तर तो हुक कितीही चांगला असला तरी या संचातला नाही.

आता हिशोब. चार हुक आणि तीन शेवट यांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर बारा व्हिडिओ होतात. लहान गटाचा जाहिरातीचा पैसा बारा ठिकाणी वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-दोन मेसेज येतील, आणि त्यावरून काहीच ठरणार नाही. म्हणून पहिल्या फेरीत चारही हुकना एकच शेवट. त्यातला जिंकलेला हुक घेऊन दुसऱ्या फेरीत तीन शेवट. त्यातला एक आधीच तयार असतो, म्हणजे एकूण सहाच व्हिडिओ. फाइलची नावंही तशीच ठेवतो, नाहीतर आठवड्याने कोणता कोणता ते कळत नाही:

```
DAL_H1_M1_E1
DAL_H3_M1_E2
```

H म्हणजे हुक, M मधला भाग, E शेवट.

चारही व्हिडिओ एकाच जाहिरात संचात टाकून सोडून देऊ नका. फेसबुक पहिल्या काही तासांतच जो जरा पुढे दिसतो त्याच्याकडे पैसा वळवतं आणि बाकीचे न दिसताच राहतात. शेतात दोन वाणांची तुलना करताना आपण एकाच वावरात, एकाच दिवशी, शेजारशेजारचे पट्टे पेरतो. एकाला काळी जमीन आणि दुसऱ्याला बरड देत नाही. तसंच इथे. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये `A/B test` म्हणून सोय आहे. तिच्यात लोक वाटले जातात, एका माणसाला एकच व्हिडिओ दिसतो, आणि प्रत्येकाला पैसा सारखा मिळतो. निदान पूर्ण आठवडा चालवायची, कारण रविवारचं बघणं आणि मंगळवारचं बघणं सारखं नसतं.

कोणत्या व्हिडिओवरून मेसेज आला हे ताईंना कळायला हवं. त्यासाठी व्हॉट्सॲप उघडल्यावर आधीच लिहून आलेलं वाक्य प्रत्येक व्हिडिओला किंचित वेगळं ठेवलं. एकात "नमस्कार, डाळ हवी आहे", दुसऱ्यात "नमस्कार, तूरडाळ हवी आहे", असं. गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही, पण ताई वहीत योग्य रकान्यात खूण करतात. वहीत पुढे तीन रकाने: भाव विचारला, पत्ता दिला, पैसे आले.

या वहीमुळेच पहिल्या फेरीचा निकाल समजला. तीन सेकंदांपुढे बघणारे सगळ्यात जास्त होते ते यंत्राच्या हुकला. धो धो पडणारी डाळ बघत राहावीशी वाटतेच. मेसेजही भरपूर आले. फक्त स्क्रीन बघितली असती तर तोच जिंकला म्हणून आम्ही पुढे गेलो असतो. पण वहीत त्या रकान्यात प्रश्न होते ते असे: हे मशीन कुठं मिळते? किती लाइट लागते? अनुदान आहे का? थांबलेले बरेच जण शेतकरी होते, आणि त्यांना डाळ विकत नको होती, करायची होती. "पैसे आले" हा रकाना भरला तो काकूंच्या हुकचा. वऱ्हाडी ऐकून जे थांबले ते बहुतेक इकडूनच शहरात गेलेले, घरच्या वरणाची चव माहीत असलेले लोक. लोक कमी थांबले, पण नेमके थांबले. आता जास्त थांबवणारा आणि जास्त विकणारा हुक वेगळे निघाले की मी विकणाराच घेतो.

फरक खरा आहे की नुसता योगायोग, हे तपासायला साधा हिशोब आहे. दोन्हींवर खर्च सारखा असेल तर दोन आकड्यांमधला फरक काढायचा, आणि त्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या दुपटीशी ताडून बघायचा. समजा एकीकडून 24 ऑर्डर आल्या आणि दुसरीकडून 16. फरक 8. बेरीज 40, वर्गमूळ सव्वासहा, दुप्पट साडेबारा. 8 त्याहून कमी, म्हणजे अजून काही म्हणता येत नाही, चालू ठेवायचं. 48 आणि 24 असतील तर फरक 24, बेरीज 72, वर्गमूळ साडेआठ, दुप्पट 17. इथे निकाल लावायला हरकत नाही. बरेच जण 9 विरुद्ध 5 वर व्हिडिओ बंद करतात. त्यातून काहीच सिद्ध झालेलं नसतं.

दुसऱ्या फेरीत तीन शेवट होते. एक, "भाव विचारायला मेसेज करा." दुसरा, वजन, घरपोच भाव आणि किती दिवसांत पोचेल हे सांगून मग बटण. तिसरा, यंदाची तूर संपली की पुढची जानेवारीनंतरच. हा तिसरा खरा असतानाच वापरायचा. गोदामात पोती रचलेली असताना तसं बोलणं म्हणजे खोटं. पहिल्या शेवटाला मेसेज सगळ्यात जास्त आले, दुसऱ्याला बरेच कमी. पण पहिल्यातले बहुतेक भाव ऐकून गप्प होत, आणि दुसऱ्यातले थेट पत्ता पाठवत. ताई वावरातून येऊन, स्वयंपाक उरकून मग फोन हातात घेतात. उत्तर देण्याचा वेळ हाही खर्चच आहे, म्हणून भाव सांगणारा शेवट ठेवला.

त्यानंतर एक उलटतपासणी केली: विक्रीत दुसऱ्या आलेल्या हुकला, म्हणजे वाट्यांच्या, हाच शेवट जोडून पाहिला. कधीकधी मागे पडलेला हुक वेगळ्या शेवटाबरोबर पुढे येतो, आणि टप्प्याटप्प्याने तपासण्याच्या पद्धतीत ते निसटू शकतं. या वेळी काकूच पुढे राहिल्या.

हा निकाल उन्हाळ्यातला आहे, लोक वर्षाची डाळ भरतात तेव्हाचा. दिवाळीत तोच लागेल असं मी धरून चालत नाही. शिवाय तेच तेच लोक तो हुक पुन्हा पुन्हा बघतात आणि ऑर्डरमागचा खर्च चढायला लागतो. तो सलग दोन आठवडे चढताना दिसला की नवीन हुक घेतो. मधला भाग आणि शेवट तसेच, मुठीचा सांधाही तोच. नवे दोन हुक ठरलेत: एकात पातेल्यातलं शिजलेलं वरण, दुसऱ्यात लेकच पुण्यातून बोलते. दोन्ही काकूंच्या हुकसमोरच लावणार आहे, आणि ते हरले तर काकूच चालू राहतील.