मिठाचा गोळा
आज तीन वर्षांच्या लेकीसोबत खेळायचा गोळा मळला. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, चमचाभर तेल. पाणी साधारण पाऊण कप, पण मी ते तिच्या हातात दिलं आणि तिने एका दमात ओतलं. झाली खळ! मग मूठ मूठ मैदा घालत, बोटांना चिकटेनासा होईपर्यंत मळत बसले. पाणी थोडं थोडंच घालायचं, हे मला माहीत होतं बरं का.

हे इतकं मीठ गोळा लवकर खराब होऊ नये म्हणून. पण त्यामुळेच तो पोटात जाता कामा नये. जिभेला लागला तर पोरं थुंकतातच, तरी मी शेजारून हलले नाही. मोठा तुकडा गिळला तर मीठ बाधू शकतं, म्हणजे लगेच डॉक्टर. कुत्र्या-मांजरांना तर जास्तच धोका. शिवाय बोटाला खरचटलेलं असेल तर जाम झोंबतं, ते आज रडारडीनंतर कळलं.

आता गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. आठवडाभर टिकेल. मिठामुळे पाणी सुटून चिकट झाला तर थोडा मैदा मळायचा. वास आला किंवा बुरशी दिसली तर सरळ फेकायचा. तिने केलेला 'साप' मात्र ताटलीत वाळतोय. हात लावायची मनाई आहे, मलासुद्धा.