एका ‘ला’ची सात वाक्यं

“रूपं तोंडपाठ आहेत हो ताई. देव, माला, नदी, सगळी. पण साधं वाक्य करायला बसलं की कोणती विभक्ती घ्यायची तेच कळत नाही. तुम्ही संस्कृतचा सराव कसा केला?”

माझ्या सरावाच्या वहीत डावीकडच्या पानावर संस्कृत नाहीच, मराठी आहे. आणि ते सगळं पान एका ‘ला’ने भरलंय.

मीही आधी तक्ताच पाठ केला. बाईंनी दिलेला तक्ता म्हणजे सात विभक्ती, आठवं संबोधन, तीन वचनं, मिळून चोवीस घरं. एकेक शब्द घ्यायचा, चोवीस घरं भरायची आणि पान उलटायचं, असं मी जवळजवळ सहा महिने केलं. ‘बालकः बालकौ बालकाः’ म्हणायला सुरुवात केली की शेवटपर्यंत अडखळायची नाही. मग एक दिवस बाईंनी तोंडी विचारलं, “मुलाला संत्रं आवडतं. सांगा.” मी म्हटलं, “बालकं नारङ्गफलं रोचते.” त्या म्हणाल्या, “बालकाय.” घर मला माहीत होतं, रूपही येत होतं, तरी मी भलत्याच घरात शिरले होते. का, ते त्या संध्याकाळी घरी येऊन शोधलं.

शाळेतला मराठी विभक्तीचा तक्ता आठवून पाहा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्हीकडे तेच प्रत्यय. म्हणजे मराठी कानाला द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या ऐकूच येत नाहीत. आपण ‘मुलाला’ म्हणतो आणि काम भागतं. संस्कृतात मात्र त्याच जागी दर वेळी ठरवावं लागतं आणि ते क्रियापद ठरवतं. तक्ता क्रियापदाबद्दल एक अक्षर बोलत नाही, म्हणून तो कितीही पाठ झाला तरी वाक्याच्या वेळी गप्प बसतो.

मग मी वहीच्या डाव्या पानावर ‘मुलाला’ असलेली घरातली वाक्यं लिहायला लागले. उजव्या पानावर त्यांचं संस्कृत. लिहिता लिहिता दिसलं की आपला एक ‘ला’ जवळजवळ सगळा तक्ता फिरून येतो.

‘मुलाला हे गाणं येतं.’ इथे संस्कृतात मुलगा सरळ कर्ता होतो: बालकः एतत् गीतं जानाति. प्रथमा. ‘आई मुलाला हाक मारते.’ अम्बा बालकम् आह्वयति. द्वितीया. ‘मुलाला चालवत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण इथे तृतीया निघते हे ऐकून प्रत्येक जण थांबतो: बालकेन चलितुं न शक्यते. ‘मुलाला संत्रं आवडतं’ म्हणजे बालकाय नारङ्गफलं रोचते, चतुर्थी. ‘माकड मुलाला घाबरतं’, वानरः बालकात् बिभेति, पंचमी. ‘मुलाला दोन बहिणी आहेत’, बालकस्य द्वे भगिन्यौ स्तः, षष्ठी.

सप्तमीपाशी मुलगा अडतो. पण आपण ‘दिवाळीला ये’ म्हणतो तेव्हा तोच ‘ला’ सप्तमी होतो: दीपावल्याम् आगच्छ. मुलाचा साचा सप्तमीतही हवा म्हणून मी तिथे ‘ला’ सोडला आणि ‘आईचा मुलावर जीव आहे’ घेतलं: अम्बा बालके स्निह्यति. दिवाळीचं वाक्य पानाच्या तळाशी वेगळं ठेवलं.

या सात वाक्यांतून माझा सराव सुरू झाला. त्यात शब्द ‘बालक’च का, याला कारण आहे. अकारान्त पुल्लिंगी शब्दाचं एकवचन असं आहे की सातही रूपं एकमेकांपासून वेगळी ऐकू येतात. चूक झाली तर लपत नाही. ‘फल’ घेतला तर प्रथमा आणि द्वितीया दोन्ही ‘फलम्’, तुम्हाला कोणती आली ते कळणार कसं? ‘गुरु’ घेतला तर पंचमी आणि षष्ठी दोन्ही ‘गुरोः’. द्विवचन तर मी कित्येक आठवडे बाजूला ठेवलं, कारण ‘बालकाभ्याम्’ हे एकच रूप तृतीया, चतुर्थी, पंचमी तिघींना चालतं. बरोबर उत्तर आलं तरी तुम्ही ते विचार करून दिलं की नाही, हे त्यातून कळत नाही.

रविवारी आमच्या गॅलरीत सरावाला चार-पाच जण येतात. त्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या घरी वऱ्हाडी बोलतात, त्यामुळे त्यांनी वहीत ‘मुलाला’ लिहिलं तेव्हा पेन रेंगाळलं. मी म्हटलं, “काका, घरी कसं म्हणता ते लिहा.” मग भराभर आलं: ‘पोराले संत्रं आवडते. पोराले चालवत नाही. पोराले दोन बहिणी हायेत.’ डावं पान आपल्या जिभेचं असावं, कारण सवय तिथून मोडायची असते. पुस्तकी मराठीतून संस्कृत करायला शिकलात तरी बोलताना मनात ‘पोराले’च येणार.

काकांना सातही वाक्यं आठवडाभरात पाठ झाली आणि तिथे मी सावध झाले. मी क्रम बदलून विचारलं, “पोराले संत्रं आवडते?” त्यांचा अंगठा हळूच बोटांच्या पेरांवर सरकायला लागला. पहिलं पेर, दुसरं, तिसरं, चौथं. “बालकाय,” ते म्हणाले. उत्तर बरोबर होतं, पण ते तक्त्यावरून चालत आलं होतं. ही खूण ओळखायला शिका, कारण ती स्वतःची स्वतःला दिसते: रूप यायच्या आधी मनात ‘बालकः, बालकम्, बालकेन’ वाजलं, की अजून आलेलं नाही. मी त्यांना सात वाक्यं सात चिठ्ठ्यांवर लिहायला लावली, फक्त मराठी, आणि डब्यात टाकायला लावली. चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची आणि आधी क्रियापद म्हणायचं. ‘आवडते’ वाचलं की ‘रोचते’. ‘रोचते’ तोंडातून बाहेर पडलं की त्याच्याशी बांधलेली चतुर्थी ओढून येते. क्रियापद आणि विभक्ती एका श्वासात, मग मागून उरलेलं वाक्य. रोज पंधरा मिनिटं, सातही चिठ्ठ्या दोनदा. दोन आठवड्यांनी अंगठा थांबला.

त्यानंतर साचा तसाच ठेवून शब्द बदलायचा. आधी ‘पुत्र’. हा ‘बालक’सारखाच चालतो, फक्त तृतीयेत ‘पुत्रेण’ होतो, कारण शब्दात आधी र आहे. ‘बालकेन’वर जीभ बसलेली माणसं ‘पुत्रेन’ म्हणतात आणि ‘रामेण’वर बसलेली ‘बालकेण’. म्हणून दोन्ही शब्द जोडीने म्हणावेत. मग ‘बालिका’: बालिकया चलितुं न शक्यते, बालिकायै नारङ्गफलं रोचते. मग ‘गुरु’: गुरुणा, गुरवे. आणि आता ‘वानरः गुरोः बिभेति’, ‘गुरोः द्वे भगिन्यौ स्तः’ या वाक्यांत एकच रूप दोनदा आलं तरी भीती वाटत नाही. पहिलं पंचमी आहे आणि दुसरं षष्ठी, हे ‘बिभेति’ आणि ‘स्तः’ सांगतात. हेच सुरुवातीला ‘गुरु’वर केलं असतं तर दोन्ही एकच वाटलं असतं.

अनेकवचनात एक जागा आहे जिथे जवळजवळ सगळे पाय घसरून पडतात. ‘मुलांना संत्रं आवडतं.’ लोक मुलं अनेक झाली म्हणून क्रियापदही अनेकवचनी करतात: ‘बालकेभ्यः नारङ्गफलं रोचन्ते.’ थांबा आणि मराठी ऐका. आपण ‘मुलांना संत्रं आवडतात’ म्हणतो का? संत्रं एकच आहे, म्हणून ‘आवडतं’. संस्कृतातही तसंच: बालकेभ्यः नारङ्गफलं रोचते. संत्री अनेक झाली तर नारङ्गफलानि रोचन्ते. ‘रोचते’चा कर्ता संत्रं आहे. इथे मराठी कान शत्रू नाही, सोबती आहे. पण ‘मुलांना गाणं येतं’ यात तो सोबत सोडतो, कारण संस्कृतात मुलंच कर्ता: बालकाः गीतं जानन्ति. ही दोन वाक्यं मी मुद्दाम पाठोपाठ ठेवते.

स्वतः वाक्यं बनवण्यात धोका एकच, पण मोठा. चुकीचं वाक्य रोज म्हटलं तर तेच पक्कं होतं. म्हणून वाक्य चिठ्ठीवर जायच्या आधी त्याचं क्रियापद कोशात पाहायचं. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात धातूपाशी तो कोणत्या विभक्तीबरोबर येतो हे बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. आणि पाणिनीचं सूत्र सापडलं तर ते वाक्याखाली लिहून ठेवते. ‘बिभेति’खाली माझ्या वहीत ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ आहे: भिणं आणि रक्षण करणं या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याच्यापासून भय ते अपादान, म्हणून पंचमी. ‘रोचते’खाली ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’. सूत्र पाठ केलं पाहिजे असं नाही. उद्या शंका आली तर परत तिथे जाता येतं, एवढ्यासाठी. ज्या क्रियापदाची विभक्ती सापडत नाही त्याचं वाक्य मी करत नाही, कितीही सुचलं तरी.

या सरावाने वाचन आपोआप येत नाही. पोथीत ‘वानरो बालकाद् बिभेति’ असं संधी होऊन येतं आणि ‘बालकात्’ ओळखू येत नाही. काकांना पहिल्यांदा ते वाचायला दिलं तेव्हा त्यांनी ‘बालकाद्’ हा नवा शब्द समजून बाजूला लिहून ठेवला होता. आता सात वाक्यं तोंडात बसली की तीच सात आम्ही संधीसकट पुन्हा लिहितो, त्याच चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला.

सध्या आमच्या डब्यात ‘वर’च्या चिठ्ठ्या आहेत. आई मुलावर रागावते, आई मुलावर विश्वास ठेवते. पहिल्याला बालकाय क्रुध्यति, दुसऱ्याला बालके विश्वसिति. काकांनी रविवारी विचारलं, “ताई, ‘पोरावर’ तर तेच हाय, मग राग चवथीत न् विश्वास सातवीत काऊन?” मी म्हटलं, आधी क्रियापद म्हणा. त्यांनी ‘क्रुध्यति’ म्हटलं आणि ‘बालकाय’ आपोआप आलं.