कोरड्या तळाचं कीश

फ्रान्समधलं नान्सी शहर म्हणजे लोरेन प्रांत, कीशचं माहेर. कीश म्हणजे मैद्याच्या पारीत अंडी आणि क्रीमचं मिश्रण भरून भाजलेला खारा पदार्थ. इथलं मूळ कीश अंडी, क्रीम आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या तुकड्यांचं. मी मांस खात नाही, म्हणून लीक ही कांद्याच्या जातीची जाड पातीची भाजी घालते. पण लीकला पाणी सुटतं, आणि माझा सगळा प्रयत्न तळ कोरडा राहावा यासाठीच असतो.

पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंडगार लोणी, चिमूटभर मीठ आणि लागेल तेवढंच गार पाणी. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटते आणि २४ सेंटीमीटरच्या पत्र्याच्या साच्यात बसवते. चिनी मातीचं भांडं दिसतं सुंदर, पण तळाला उष्णता उशिरा पोचते. पारीवर बेकिंगचा कागद, त्यावर काठोकाठ कोरडे राजमे, आणि १९० अंशांवर वीस मिनिटं. मग राजमे काढून आणखी आठ-दहा मिनिटं. इथे घाई नको. तळावर कुठेही ओलसर, करडा डाग दिसला तर पारी कच्ची आहे. ती फिकट सोनेरी झाली की फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवून दोन मिनिटं परत आत ठेवते. त्या थराने बारीक भेगा बुजतात.

लीक चिरून लोण्यावर परतते, ते कढईत पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग पूर्ण गार करते.

शेजारच्या आजींनी मला अंडी मोजायला नाही, तोलायला शिकवलं. फोडलेल्या अंड्यांच्या दुप्पट वजनाचं दूध-क्रीम घ्यायचं. तीन अंडी साधारण १५० ग्रॅम भरतात, म्हणून १५० दूध आणि १५० क्रीम. भारतातली अंडी लहान असतात, तिथे तर वजनच करावं. दूध जास्त झालं तर मिश्रण नीट धरत नाही आणि पातळ भाग पारीत मुरतो. अंडं जास्त झालं तर कीश ऑम्लेटसारखं घट्ट होतं.

लीक पसरून वरून मिश्रण ओतते आणि आधीच तापलेल्या ट्रेवर साचा ठेवून १६० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजते. कडा धरलेल्या आणि मधला भाग थरथरणारा दिसला की बाहेर काढायचं, बाकीचं आतल्या उष्णतेने होतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंश पुरे. खूप वेळ ठेवलं तर अंडं फुटतं, पाणी सोडतं आणि एवढा जपलेला तळ वरून भिजतो. मला वाटतं, ओल्या तळाचं हे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सगळे पारीलाच दोष देतात.

साचा जाळीवर ठेवून कीश कोमट होऊ द्यावं. ओट्यावर ठेवलं तर खाली वाफ धरते. उरलेलं दुसऱ्या दिवशी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये गरम करते. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.