वरची कड

“मॅडम, गुण वाढवा असं म्हणत नाही, फक्त रीडिंग पुन्हा तपासाल का?”

ऐरोलीला घरी पोचले तर लेकीनं हे पत्र हातात दिलं. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमध्ये गुण कापले होते. शेरा, ‘खालची कड वाचा’, म्हणजे मापनळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची.

पुढे तिनं लिहिलंय: “ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट होतं. गडद जांभळ्या रंगामुळे खालची कड नीट दिसत नाही, म्हणून वरची वाचली. सुरुवातीला ०.०, शेवटी १०.२, दोन्ही वेळा वरचीच. वजाबाकीत फरक पडत नाही. फिकट गुलाबी रंग टिकला तिथेच थांबले.”

पत्रात तक्रार कुठेच नाही, नुसतं कारण. मला त्याचंच फार कौतुक वाटलं. तुमच्या मुलांना असं लेखी विचारू देतात का?