घराच्या ग्राफमधली जोडकड: माझा अनुभव

चौकोनावर त्रिकोणी छप्पर ठेवलं की लहान मूल काढतं तसं घर होतं. पाच बिंदू, सहा कडा. शिखर अ, छपराची खालची टोकं ब आणि क, जमिनीवर ब-खाली ड, क-खाली इ. k रंगांनी हे घर किती प्रकारे रंगवता येईल, कडेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग न देता, याचं उत्तर म्हणजे त्याची क्रोमॅटिक पॉलिनॉमियल. जॉर्ज बर्कहॉफने १९१२ साली ती चार रंगांच्या प्रश्नासाठी काढली होती. आपल्याकडे ती परीक्षेसाठी काढतात.

रीत एका ओळीची आहे. कोणतीही कड e घ्या:

```
P(G) = P(G-e) - P(G/e)
```

G-e म्हणजे कड खोडायची. G/e म्हणजे तिची दोन टोकं एकत्र आणून एकच बिंदू करायचा. खोडल्यावर त्या दोन टोकांना एकच रंग येण्याची मुभा मिळते, आणि ते नको असलेले प्रकार एकत्र केलेल्या ग्राफमध्ये नेमके मोजले जातात, म्हणून वजा.

मी बक ही कड घेतली. खोडली की पाच बिंदूंचं वर्तुळ उरतं. त्याचं सूत्र पाठ असावं: (k-1)^5 - (k-1), म्हणजे k^5 - 5k^4 + 10k^3 - 10k^2 + 4k. इथे काही अडत नाही.

अडतं ते दुसऱ्या बाजूला. ब आणि क एक झाले की अब आणि अक या दोन्ही कडा त्याच दोन बिंदूंमध्ये येतात. खाली बडइ असा त्रिकोण, वर शेपटीसारखा अ, आणि शेपटी दुहेरी. कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या एका नोट्समध्ये ही जोडकड तशीच ठेवून पुढे तीच रीत लावली होती. तसं करणं चूक नाही. दोन्हींपैकी एक खोडली की साधी शेपटी उरते. एक जुळवली की मात्र दुसरी स्वतःच्याच बिंदूवर परत येते, म्हणजे लूप होते. नोट्स म्हणतात, ‘लूपने फरक पडत नाही, काढून टाका’, आणि वजा करायला नुसता त्रिकोण घेतात.

फरक पडतो, आणि चांगलाच. लूप असलेल्या बिंदूला स्वतःपेक्षा वेगळा रंग हवा. ते कधीच शक्य नाही, म्हणून लूप असलेल्या ग्राफची पॉलिनॉमियल शून्य. वजा करायला काहीच उरत नाही. म्हणून जोडकड दिसली की एक ठेवून बाकीची खोडायची. रंगांच्या अटीत ‘वेगळे’ हे दोनदा सांगितलं तरी अट एकच राहते.

या चुकीचा संताप अशासाठी की ती पकडली जात नाही. नोट्सचं उत्तर असं होतं:

```
k^5 - 6k^4 + 15k^3 - 18k^2 + 8k
```

दुसरा सहगुणक उणे सहा, म्हणजे कडांइतका. चिन्हं एकाआड एक. सगळे सहगुणक मिळवले की शून्य. k = 2 घातलं तरी शून्य, त्रिकोण असल्यामुळे तेही योग्य. नेहमीच्या चारही तपासण्यांतून सहीसलामत सुटतं.

बरोबर वजाबाकी अशी. साध्या शेपटीचा त्रिकोण म्हणजे k(k-1)(k-2) गुणिले (k-1), उलगडून k^4 - 4k^3 + 5k^2 - 2k. तो वर्तुळातून वजा केला की:

```
k^5 - 6k^4 + 14k^3 - 15k^2 + 6k
```

हो, वजा करताना आख्खा कंस वहीत लिहा. दुसऱ्या चिन्हापासून पुढे वजाचं अधिक करायला हात विसरतो.

पंधरा की चौदा, हे ठरवायला तिसरा सहगुणक पाहा. साध्या ग्राफमध्ये तो कडांच्या जोड्यांची संख्या वजा त्रिकोणांची संख्या असतो. सहा कडांच्या १५ जोड्या, त्रिकोण एक, म्हणून १४. एवढ्यावर नोट्स पडल्या.

तरी खात्री वाटत नसेल तर तीन रंग घेऊन हाताने मोजा. अ, ब, क यांना ६ प्रकारे रंग मिळतात. मग ड ला ब चा रंग चालत नाही, इ ला क चा चालत नाही, म्हणजे दोघांपुढे प्रत्येकी दोन, एकूण चार प्रकार. त्यांतला एक बाद, कारण त्यात दोघांनाही उरलेला तिसरा रंग येतो. उरले तीन, आणि ६ गुणिले ३ म्हणजे १८. वरच्या बरोबर उत्तरात k = 3 घातल्यावर १८ येतात; नोट्सच्या उत्तरात २४.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: कड कोणतीही चालते म्हणून कोणतीही घेऊ नये. बक घेतली म्हणून दोनच तुकड्यांत काम संपलं, कारण दोन्ही ओळखीचे निघाले. जवळजवळ सगळ्या कडा असलेल्या दाट ग्राफला तर उलटं करा: नसलेली एक कड e घाला आणि P(G) = P(G+e) + P(G/e) वापरा. तिथे वजाच नाही. जोडकड मात्र तिथेही येते.