१ मिलिमीटर म्हणजे ५०,००० किलोमीटर

आपल्या शाळेत सातवीची सूर्यमाला मैदानावर मांडली जायची. या मनोगतात तिची कृतीच लिहून ठेवतो, म्हणजे आज शिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पुस्तकातल्या चित्रात आठही ग्रह शेजारी शेजारी बसवलेले असतात. तिथे आकाराचं प्रमाण एक आणि अंतराचं दुसरंच असतं. पानावर बसवायचं तर दुसरा इलाजही नसतो. विज्ञानाच्या बाईंचा हट्ट मात्र असायचा, की आकार आणि अंतर दोन्हींना प्रमाण एकच हवं. ते होतं १ मिलिमीटरला ५०,००० किलोमीटर. याची गंमत अशी, की ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर कोटी किलोमीटरमध्ये लिहून ५ ने भागलं की थेट मीटर मिळतात. पृथ्वी १५ कोटींवर, म्हणून ३ मीटर. गुरू ७७.८ कोटींवर, म्हणून साडेपंधरा मीटर. मुलं हे गणित तोंडी करतात.

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे २८ मिलिमीटरचा गोळा. तो चिकणमातीचा करून दोन पट्ट्यांमध्ये धरून मोजायचा आणि छातीइतक्या उंच काठीवर बसवायचा. गुरूला ३ मिलिमीटरचा मणी चालतो, शनीला त्याहून किंचित लहान. युरेनस आणि नेपच्यून खसखशीच्या दाण्याएवढे. पृथ्वी पाव मिलिमीटरची, म्हणून तिच्यासाठी बारीक टोकाच्या पेनाने कार्डावर जेमतेम टेकवलेला ठिपका. त्याच कार्डावर पावणेआठ मिलिमीटरवर त्याहून बारीक ठिपका काढला की चंद्र झाला. मणी आणि दाणे पांढऱ्या कार्डावर पारदर्शक चिकटपट्टीखाली बसवावेत. नुसते जमिनीवर ठेवले तर पहिल्याच झुळकीत ग्रह बेपत्ता होतात.

मांडणी करताना हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक अंतर आधीच्या ग्रहापासून मोजणं. कोष्टकातलं अंतर सूर्यापासूनचं असतं. पृथ्वी ३ मीटरवर असताना मंगळाचे ४.५६ मीटर तिच्यापासून मोजले, तर तो साडेसात मीटरवर जाऊन बसतो, आणि पुढे प्रत्येक ग्रहागणिक चूक फुगत जाते. टेपचं शून्य सूर्याच्या काठीशीच राहू द्यावं. शनी २८.६ मीटरवर येतो, तोवर ३० मीटरचा टेप पुरतो. युरेनस ५७.४ आणि नेपच्यून ९० मीटरवर. तिथे ३० मीटरला खुंटी ठोकून टेप पुढे सरकवायचा. पावलांनी मोजू नये, मुलाचं पाऊल चालता चालता लांबतं.

नेपच्यूनसाठी मैदान तोकडं वाटलं, तर कर्ण धरावा. ७० बाय ६० मीटरच्या मैदानाचा कर्ण ९२ मीटर भरतो. ३० मीटरचा व्हरांडाच असेल, तर पृथ्वी १ मीटरवर आणून सगळंच तिपटीने लहान करता येतं. पण मग पृथ्वी दहाव्या हिस्सा मिलिमीटरहून लहान होते आणि मुलांना ठिपकाच दिसत नाही. माझ्या मते मैदान असताना व्हरांड्याच्या वाटेला जाऊ नये.

मांडणी बरोबर झाली का, हे पाहायची बाईंची युक्ती फार नामी होती. कार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडायचं, पृथ्वीच्या जागी उभं राहून ते हात लांब करून धरायचं आणि एका डोळ्याने मातीचा सूर्य पाहायचा. तो भोकात जेमतेम मावतो. रात्री पौर्णिमेचा चंद्रही त्याच भोकात तसाच मावतो, आणि आकाशात चंद्र व सूर्य जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. गोळा भोकाबाहेर सांडत असेल, तर तो मोठा झाला आहे किंवा अंतर कमी पडलं आहे. खऱ्या सूर्याकडे मात्र भोकातूनही पाहायचं नाही, हे आधी बजावायला हवं. नेपच्यूनपाशी गेल्यावर हाच गोळा धड ठिपक्याएवढाही दिसत नाही.

मग प्रकाशाची चाल. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ६ मिलिमीटर सरकतो. एका मुलाने सूर्यापासून पट्टीवर बोट ठेवून दर सेकंदाला तेवढंच पुढे न्यायचं, दुसऱ्याने घड्याळ पाहायचं. पृथ्वी यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. वर्ग चुळबुळायला लागतो, लागू द्यावा. नेपच्यूनला चार तासांवर लागतील, हे मुलं स्वतःच काढतात.

एक उणीव राहते. सगळे ग्रह एका रेषेत पाहून मुलांना ते आकाशातही तसेच रांगेत असतात असं वाटतं. म्हणून शेवटी रेषा मोडायची. सूर्याच्या काठीला ३ आणि ४.५६ मीटरच्या दोऱ्या बांधून पृथ्वी आणि मंगळ यांना गोल फिरवायचं. मंगळाची एक फेरी होईस्तोवर पृथ्वीच्या जवळपास दोन व्हायला हव्यात. दोघे सूर्याच्या एकाच बाजूला आले की त्यांच्यात दीड मीटर, विरुद्ध बाजूंना गेले की साडेसात. मंगळ काही महिने ठळक आणि एरवी फिका का दिसतो, ते दोरी धरलेल्या मुलांनाच विचारावं.